नावातला सिरॉसिस

१९५० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या एडवर्ड एरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या एका आजाराचे सविस्तर वर्णन छापले आणि ‘प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस’ हे नाव रूढ केले. त्यांच्यासमोरचे रुग्ण बहुतेक मध्यमवयीन स्त्रिया होत्या. त्वचा काळवंडलेली, अंगभर खाजवल्याचे ओरखडे, डोळ्यांत कावीळ, आणि काहींच्या पापण्यांवर चरबीच्या पिवळ्या गाठी. अशा गाठी आणि कावीळ एकाच अंगावर दिसल्याची नोंद लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या अ‍ॅडिसन आणि गल यांनी १८५१ सालीच करून ठेवली होती. मधल्या शंभर वर्षांत हा आजार डॉक्टरांना भेटला तो बहुधा असा, अखेरच्या अवस्थेत. म्हणून त्याला नावही त्याच अवस्थेचे मिळाले.

त्या नावातला तिसरा शब्द चुकीचा होता. यकृतात तयार होणारे पित्त आधी केसाहून बारीक नलिकांत उतरते आणि तिथून मोठ्या नळ्यांत जाते. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा त्या बारीक नलिकांवरच उलटते आणि वर्षानुवर्षे त्या एकेक करून बुजत जातात. पित्त तुंबते, यकृताच्या पेशी त्यात भिजून खराब होतात, आणि फार पुढे, उपचार झाला नाही तर, यकृत दगडासारखे गाठाळ होते. त्या गाठाळलेपणाला सिरॉसिस म्हणतात. म्हणजे नावात जे आहे ते आजाराच्या शेवटी येते, आणि आज निदान होणाऱ्या बहुतेकींच्या यकृतात ते नसते.

या नावाच्या मागे मी लागलो तो माझ्या काकूच्या फायलीमुळे. काकू जबलपूरच्या सराफ्यात राहते. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तेव्हापासून इथे मराठी घरे आहेत. कमानिया गेटजवळच्या जुन्या बाजारात मात्र ती तुरळक. काका एका सराफाच्या पेढीवर हिशेब लिहीत, आणि वरच्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड. इतिहास हा माझा विषय, त्यामुळे घरातली जुनी कागदपत्रे लावून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यांत काकूची वैद्यकीय फाइलही आली. तारखेप्रमाणे लावायला बसल्यावर लक्षात आले की या एका फायलीत त्या आजाराचा पाऊणशे वर्षांचा इतिहास पुन्हा एकदा घडून गेला आहे.

सुरुवात २०१० च्या पावसाळ्यातली. काकू तेव्हा एक्कावन्न वर्षांची. रात्री निजल्यावर तळहात आणि तळपायांना खाज सुटायची आणि मग अंगभर पसरायची. मराठी घरात खाज म्हणजे ‘पित्त उठले’, आणि पित्तावर आमसुलाचे पाणी. ते महिनाभर चोळून झाले. गंमत अशी की घरातल्यांनी पित्ताचे नाव घेतले ते बरोबरच होते, फक्त ते पित्त निराळे. आपण ज्याला अंगावर पित्त उठणे म्हणतो त्यात गांधी दिसतात. काकूच्या त्वचेवर खाजवल्याच्या रेघांशिवाय काहीही नव्हते. पुरळ नसताना खाज, ती रात्री जास्त, आणि तळहात-तळपायांना अधिक, ही लक्षणे एकत्र दिसली की त्वचेकडून नजर यकृताकडे वळायला हवी. पण सराफ्यात त्याहून सोपे स्पष्टीकरण हाताशी होते. गल्लीत सोने गाळणाऱ्यांच्या भट्ट्या, संध्याकाळी तेजाबाचा पिवळट धूर. त्या धुराने कोणाचीही त्वचा चुरचुरेल असे सगळ्यांना पटले. नंतर एकाने खरूज ठरवून घरातल्या सगळ्यांना मलम लावायला सांगितले. बाकीच्यांना काही होत नव्हते तरी सगळ्यांनी लावले.

थकव्याचेही तसेच. तिचे हिमोग्लोबिन तपासले, लोहाच्या गोळ्या दिल्या, थायरॉइड पाहिले. ते पाहणे योग्यच होते, कारण हा आजार असलेल्या पुष्कळ स्त्रियांना थायरॉइडचाही त्रास असतो. तिचे थायरॉइड ठीक निघाले आणि विषय ‘वय झाले, पाळी जाताना असे होते’ यावर संपला.

२०११ साली सोनोग्राफीत पित्ताशयात दोन लहान खडे दिसले आणि एका खाजगी दवाखान्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्यात आले. खडे खरोखरच होते, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. खाज होती तशीच राहिली. त्या शस्त्रक्रियेच्या आधीचा रक्ताचा कागद फायलीत आहे. बिलिरुबिन नॉर्मल, म्हणून ‘कावीळ नाही’ असे पेनाने लिहिलेले. एसजीपीटी किंचित वाढलेले. आणि त्याखाली अल्कलाइन फॉस्फेटेज ४८६, शेजारी छापलेली वरची मर्यादा १२०. या आकड्याभोवती कोणी वर्तुळ काढलेले नाही. या आजाराची पहिली खूण बहुधा तोच आकडा असतो. बारीक नलिका चिडल्या की हे विकर रक्तात वाढते. बिलिरुबिन मात्र पुष्कळ वर्षे नॉर्मल राहते, कारण उरलेल्या नलिका पित्त वाहून नेतात. बिलिरुबिन चढू लागले म्हणजे बराच उशीर झाला असे समजायचे. ‘कावीळ नाही, म्हणजे लिव्हर ठीक’ ही समजूत इथे नेमकी उलटी पडते.

पोट उघडून अडथळा शोधण्याची ही गोष्टही जुनीच. १९६५ पूर्वी अशा रुग्णांत मोठी पित्तनळी कुठे अडली आहे का हे पाहायला सर्रास पोट उघडत. आत खडा नाही, गाठ नाही, असे पाहून टाके घालत. त्यात आजारी यकृत आणखी बिघडायचे.

१९६५ हे वर्ष मला या साऱ्या इतिहासाची बिजागरी वाटते. त्या वर्षी लंडनमध्ये जेफ्री वॉकर, डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि शीला शेरलॉक यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. शेरलॉक रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये होत्या. त्या ब्रिटनमधल्या वैद्यकशास्त्राच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. डोनियाक आणि रॉइट यांनी १९५६ मध्ये थायरॉइडच्या हाशिमोटो आजारात रुग्णाची प्रतिपिंडे स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध असतात हे दाखवले होते. तीच युक्ती आता यकृताच्या रुग्णांवर लागू झाली आणि दिसले की प्रायमरी बिलिअरी सिरॉसिसच्या रुग्णांच्या रक्तात पेशींतल्या मायटोकाँड्रियांविरुद्ध प्रतिपिंडे असतात, आणि नळी अडून कावीळ झालेल्यांत ती सापडत नाहीत. पोट उघडायचे की नाही हे रक्ताच्या एका थेंबावरून ठरवता येऊ लागले.

ही चाचणी आजही मूळ रूपात होते आणि ती पाहण्यासारखी आहे. काचपट्टीवर उंदराच्या जातीच्या प्राण्याचे मूत्रपिंड, जठर आणि यकृत यांचे पातळ काप चिकटवलेले असतात. त्यांवर रुग्णाचा रक्तद्रव पातळ करून घालतात आणि थोड्या वेळाने धुऊन टाकतात. प्रतिपिंडे असतील तर ती कापाला चिकटून राहतात. मग माणसाच्या प्रतिपिंडांना धरणारे, हिरवे चमकणारे रसायन घालतात आणि खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मूत्रपिंडाच्या नळ्या मायटोकाँड्रियांनी ठासून भरलेल्या, म्हणून त्या हिरव्या उजळल्या तर एएमए, म्हणजे मायटोकाँड्रियाविरोधी प्रतिपिंड आहे. जठराच्या भिंतीतला स्नायूचा थर उजळला तर ते दुसरेच प्रतिपिंड, आणि ते दुसऱ्या आजाराकडे बोट दाखवते.

त्या दुसऱ्या आजाराचे नावही सुरुवातीला चुकले होते. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेतल्या इयन मॅके यांनी १९५६ मध्ये यकृताच्या काही रुग्णांच्या रक्तात ल्यूपसची म्हणून ओळखली जाणारी पेशी पाहिली आणि आजाराला ‘ल्यूपॉइड हेपटायटिस’ म्हटले. ल्यूपसशी त्याचा तसा संबंध नव्हता. संरक्षक यंत्रणा यकृताच्या पेशींवरच उलटते, एवढेच साम्य. मॅके यांनीच पुढे ‘ऑटोइम्यून हेपटायटिस’ हे नाव सुचवले, तेही १९६५ मध्ये. जठराच्या स्नायूवर चमकणारे प्रतिपिंड या आजारात सापडते हेही जॉन्सन, होल्बरो आणि ग्लिन यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये छापले. आणि न्यूयॉर्कच्या रुबिन, पॉपर आणि शॅफनर यांनी, पुन्हा १९६५ मध्येच, पहिल्या आजाराच्या यकृताचे तुकडे तपासून सांगितले की हा नलिकांचा दाह आहे, याला ‘कोलँजायटिस’ म्हणावे. मॅके यांचे नाव हळूहळू रुळले. रुबिन मंडळींचे कोणी मनावर घेतले नाही. पुस्तकांत, रिपोर्टांवर आणि रुग्णांच्या फायलींवर सिरॉसिसच राहिला.

आपल्याकडे हे आजार ‘गोऱ्यांचे’ समजले गेले. यकृत म्हटले की दारू, नाहीतर हेपटायटिस बी किंवा सी. या दोन्ही गोष्टी भारतात एवढ्या आहेत की तिसरे काही शोधायची वेळच येत नसे, आणि जे शोधले जात नाही ते दुर्मीळ ठरते. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधले डॉ. दीपक अमरापूरकर हे नाव मराठी वाचकाला आठवते ते २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून झालेल्या त्यांच्या मृत्यूमुळे. पश्चिम भारतातल्या यकृतरुग्णांत हे स्वयंप्रतिकार आजार पद्धतशीरपणे शोधून त्यांवर निबंध लिहिणाऱ्यांत ते होते, हे क्वचितच कोणी सांगते. मृत्यूच्या बातमीने त्यांचे काम झाकून टाकले, याचे मला वाईट वाटते.

काकूची एएमए चाचणी नागपूरला २०१३ मध्ये झाली. तिथल्या डॉक्टरांनी जुन्या कागदावरच्या ४८६ वर बोट ठेवले, नळ्या अडलेल्या नाहीत याची खात्री केली आणि ही चाचणी सांगितली. उत्तर आले: पॉझिटिव्ह, १:३२०. म्हणजे रक्तद्रव तीनशेवीस पट पातळ केला तरी मूत्रपिंडाच्या नळ्या उजळत होत्या. वाढलेले फॉस्फेटेज आणि एएमए, एवढ्यावर निदान होते. यकृताचा तुकडा काढण्याची गरज नसते. शंभरातल्या पाच-दहा रुग्णांत एएमए येतच नाही, त्यांची वाट अधिक लांबची.

काकांचा जन्म सराफ्यात गेलेला. त्यांनी १:३२० हा आकडा टंच वाचावा तसा वाचला: जेवढा आकडा मोठा, तेवढा आजार अस्सल. दर सहा महिन्यांनी तो पुन्हा काढून घटला का ते पाहू, असा त्यांचा आग्रह होता. पण हा टंच नाही. त्या आकड्याचे आजाराच्या जोराशी नाते नसते, औषधाने तो उतरलाच पाहिजे असेही नाही, आणि एकदा निदान झाल्यावर पुन्हा मोजण्यात पैसे जातात, एवढेच. पुढे पाहायचे ते फॉस्फेटेज आणि बिलिरुबिन. हे त्यांना पटायला वर्ष लागले.

औषध मिळाले ते अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड. हे एक पित्ताम्लच आहे. अस्वलाच्या पित्तात ते भरपूर, म्हणून नावात अस्वलाचा लॅटिन शब्द. फ्रान्समध्ये पूपों आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ते या आजारात देऊन पाहिले आणि १९९१ मध्ये १४६ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल छापले. यकृताचे आकडे सुधारत होते आणि आजार पुढे सरकण्याचा वेग कमी होत होता. आता अस्वल लागत नाही. ते बहुतेक गुरांच्या पित्तापासून रासायनिक रीतीने बनवतात. काकू पक्की शाकाहारी, तिला हे कळले तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “वैद्यांना गोरोचन चालतं ना? मग हेही चालेल.” मात्रा वजनावर, किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम. तिचे वजन ५६ किलो, म्हणून सकाळी ३०० आणि रात्री ४५० मिलिग्रॅम, आणि ते जन्मभर. वर्षभरात फॉस्फेटेज १७० वर आले. एका वर्षानंतरचा हाच आकडा पुढच्या वाटचालीचा अंदाज देतो. तो पुरेसा उतरला नसता तर दुसरे औषध जोडावे लागले असते.

खाजेवर मात्र या औषधाचा उपयोग नसतो. खाजेसाठी कोलेस्टिरामाइनची पूड पाण्यातून घेतात. ती आतड्यात पित्ताम्ले पकडून बाहेर नेते, पण शेजारी सापडलेले औषधही पकडते, म्हणून अर्सोच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे लागते. ती पूड तेव्हा जबलपुरात मिळेना, म्हणून २०१४ मध्ये रिफाम्पिसिन दिले. ते क्षयाचे औषध, पण लहान मात्रेत या खाजेवर चालते. औषधवाल्याने चिठ्ठी पाहून मोठ्याने विचारले, “टीबी चल रही है क्या?” त्यात लघवी केशरी होऊ लागली. सराफ्यात दोन दिवसांत बातमी फिरली. पण काकू चार वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपली.

२०१५ मध्ये तिचे एसजीपीटी एकदम ३४० वर गेले. इथे दोन वाटा होत्या आणि दोन्ही खऱ्या. रिफाम्पिसिनने यकृताला सूज येऊ शकते. किंवा नलिकांच्या आजाराला यकृताच्या पेशींचा दुसरा आजार, म्हणजे ऑटोइम्यून हेपटायटिस, येऊन मिळाला असेल. क्रमाने जायचे असते. आधी रिफाम्पिसिन थांबवले, विषाणूंच्या चाचण्या केल्या. तीन आठवड्यांनी आकडा उतरायच्या ऐवजी वाढला. आयजीजी ही प्रथिने बरीच वाढलेली, आणि या वेळी काचपट्टीवर जठराचा स्नायूही चमकला. मग यकृताचा तुकडा काढला. त्यात संरक्षक पेशींची फौज नलिकांभोवतीची हद्द ओलांडून यकृतपेशींत घुसलेली दिसली. दोन्ही आजार एकत्र. १९६५ चे दोन निबंध एका बाईच्या यकृतात.

तो रिपोर्ट मी जपून ठेवला आहे. त्यात निदानाच्या ओळीत ‘प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस’, आणि तीन ओळी खाली, ‘सिरॉसिस आढळला नाही’. एकाच कागदावर.

दुसऱ्या आजाराला स्टेरॉइड लागते. त्याबद्दल शंका राहू नये अशी चाचणी शेरलॉक यांच्याच विभागात झाली आणि १९७१ मध्ये छापली गेली: प्रेडनिसोलोन दिलेल्या २२ रुग्णांत ३ दगावले, न दिलेल्या २७ मध्ये १५. या आकड्यांपुढे चेहरा सुजण्याची तक्रार लहान वाटते, पण ज्याचा चेहरा सुजतो त्याला ती लहान नसते. काकूला ३० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू खाली आणले आणि जोडीला अ‍ॅझाथायोप्रिन ५० मिलिग्रॅम दिले, म्हणजे स्टेरॉइड कमी करता येते. अ‍ॅझाथायोप्रिनचा धोका असा की भारतीयांसह आशियाई लोकांत काहींच्या शरीराला ते जनुकातल्या एका फरकामुळे पचत नाही. काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी कोसळतात आणि केस मुठीने गळतात. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्तपेशी मोजाव्या लागतात. तिच्या ठीक राहिल्या. चौथ्या महिन्यात, भाचीच्या लग्नाआधी, चेहऱ्यापायी तिने स्टेरॉइड कोणाला न सांगता सोडले. सहा आठवड्यांत एसजीपीटी पुन्हा २०० च्या वर. हा आजार आकडे नॉर्मल झाले म्हणून गेलेला नसतो. औषध एकाएकी सोडले की बहुतेकांत परततो. पुन्हा सुरू केले, आणि आता ५ मिलिग्रॅमवर ती बरीच वर्षे स्थिर आहे.

दरम्यान नाव बदलले. ‘सिरॉसिस’ या शब्दामुळे लोक आपल्याला दारुडे समजतात, नोकरीत, विम्यात, नातेवाइकांत खुलासे करावे लागतात, ही तक्रार युरोपातल्या रुग्णांच्या संघटनांनी लावून धरली. डॉक्टरांनी २०१५ मध्ये ‘सिरॉसिस’च्या जागी ‘कोलँजायटिस’ आणला. आद्याक्षरे तीच ठेवली, पीबीसी. रुबिन, पॉपर आणि शॅफनर यांनी सुचवल्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले सत्य पुरेसे ठरले नाही, त्यासाठी रुग्णांना भांडावे लागले, ही गोष्ट इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला फार बोलकी वाटते.

सराफ्यात ते भांडण काकूने एकटीने केले. फायलीवरचा शब्द कोणीतरी वाचला, आणि ज्या बाईने आयुष्यात खोकल्याचे औषधही नाइलाजाने घेतले तिच्याबद्दल दबक्या आवाजात विचारणा सुरू झाली. एका विहीणबाईंनी तर काकांचेच नाव घेतले, की यांच्या पिण्याने तिला झाले का. २०१६ मध्ये नव्या फायलीवर ‘कोलँजायटिस’ आले तेव्हा घरात दोन पक्ष पडले. काका म्हणाले, सिरॉसिस बरा झाला. चुलतभाऊ म्हणाला, आणखी एक आजार लागला. काकू म्हणाली, “माझ्या पोटात जे होतं तेच आहे. कारकुनी बदलली.”

आता दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचे, स्टेरॉइडमुळे हाडांची घनता पाहायची, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यायचे. खाज पुष्कळ कमी आहे, कोलेस्टिरामाइनचे डबे नागपूरहून येतात. थकवा आहे तसाच आहे. या आजारातला थकवा यकृत किती बिघडले त्यावर अवलंबून नसतो, अर्सोने तो जात नाही, आणि त्याच्यासाठी म्हणून असे औषध नाही. चांगला रिपोर्ट घेऊन आलेल्या बाईला ‘मग आता कसला थकवा’ असे विचारतात तेव्हा तिच्याजवळ दाखवायला कुठला आकडा नसतो. काकू त्यावर वाद घालत नाही. दुपारी जेवणानंतर ती दोन तास आडवी होते, आणि त्या वेळात त्या घरात कोणी मिक्सर लावत नाही.